वाक्यांची जागा आधी, लाल पेन नंतर



पोळ्यानंतरच्या आठवड्यात आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक शाळेत एक निबंध ठरलेला असतो, 'आमच्या गावचा पोळा'. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना हा विषय द्यायला काही अवघड नाही. मुलं भरभरून लिहितात. आणि भरभरून लिहिलं की वाक्यं इकडून तिकडे पळतात. खांदशेकणीवरून पुरणपोळीवर, पुरणपोळीवरून ट्रॅक्टरवर. आपण काय करतो? लाल पेन घेतो, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो, समासात 'विषयांतर टाळा' असं लिहितो आणि वही परत देतो. मुलाला कळत नाही की टाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की भरकटलेल्या निबंधात शुद्धलेखन आधी तपासू नका. आधी वाक्यांच्या जागा लावा. कारण वाक्य चुकीच्या जागी असेल तर ते चूक की बरोबर हेसुद्धा आपल्याला नीट ठरवता येत नाही. हे मला एका पाचवीतल्या मुलाच्या वहीनं शिकवलं. त्याचं नाव सांगत नाही. निबंध मात्र त्याच्या परवानगीनं आणि थोडं शुद्धलेखन सुधारून इथे देते. वाक्यांना क्रमांक मी दिले आहेत.

१. पोळा हा आमच्या गावचा मोठा सण आहे. २. आमच्या घरी दोन बैल होते, एक लाल्या अन् एक मोत्या. ३. आई पुरणपोळी करते. ४. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. ५. बैल आपल्याला शेतीत मदत करतो. ६. तोरणाखाली सगळे बैल उभे राहतात आणि लहान पोरं दुसऱ्या दिवशी लाकडाचा बैल घेऊन घरोघरी जातात. ७. मोत्याला सरकी फार आवडायची. ८. बैलाला नदीवर नेऊन धुतात. ९. मग त्याच्या शिंगाला रंग लावतात. १०. मला मागच्या वर्षी बोजारा म्हणून वीस रुपये मिळाले. ११. मोठी माणसं झडत्या म्हणतात. १२. तो मला कधी मारत नव्हता. १३. झडती झाली की पोळा फुटतो. १४. बाबांनी मोत्याला विकला. १५. अंगावर झूल टाकतात. १६. माझ्या लाकडी बैलाला चाकं आहेत. १७. आता ट्रॅक्टर आला. १८. असा आमच्या गावचा पोळा असतो.

पहिल्या वाचनात मी काय केलं ते प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्या वाक्यातलं 'होते' खोडून वर 'आहेत' लिहिलं. सगळा निबंध वर्तमानकाळात चाललाय, मध्येच भूतकाळ कशाला, म्हणून. चौदाव्या आणि सतराव्या वाक्याखाली रेघ मारून 'विषय सोडून' लिहिलं. बाराव्या वाक्याजवळ प्रश्नचिन्ह केलं, कारण झडत्या म्हणणारी मोठी माणसं आणि लगेच 'तो मला मारत नव्हता', हा 'तो' कोण? दहापैकी पाच गुण दिले आणि वही बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर घ्यायला मला एक लांबट निबंध हवा होता, म्हणून हाच घेतला. त्याला विचारलं, चालेल का? तो म्हणाला, "चालते न मॅडम." अठरा वाक्यं अठरा पट्ट्यांवर लिहिली. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी बाजू यासाठी उत्तम. पट्ट्या जमिनीवर मांडल्या आणि उडू नयेत म्हणून पोरांनी प्रत्येकीवर एकेक खडा ठेवला.

पट्ट्या करताना लगेच एक गोष्ट समोर आली. सहावं वाक्य एका पट्टीवर मावेना. मावत नव्हतं ते लांबीमुळे नव्हे, त्यात दोन दिवस होते म्हणून. तोरणाखालचे बैल पोळ्याच्या दिवशीचे आणि लाकडाचा बैल दुसऱ्या दिवशीचा, तान्ह्या पोळ्याचा. मधल्या 'आणि'वर कात्री चालवली, एकाच्या दोन पट्ट्या झाल्या. भरकटलेल्या निबंधात असा 'आणि' हमखास सापडतो. दोन विषय जोडणारा 'आणि' तोडल्याशिवाय पुढची वाटणी होतच नाही, कारण ते वाक्य कुठल्याही गटात ठेवलं तरी अर्धं बाहेर राहतं.

मग प्रत्येक पट्टीला एकच प्रश्न विचारायचा, 'हे वाक्य कशाबद्दल आहे?' उत्तर एका किंवा दोन शब्दांत आलं पाहिजे आणि ते मागे पेन्सिलीनं लिहायचं. इथे एक सावधगिरी हवी. मुलं सगळ्यांच्या मागे 'पोळा' लिहून मोकळी होतात, नाहीतर 'बैल'. तो निबंधाचा विषय झाला, वाक्याचा नाही. मी म्हटलं, पोळा हा शब्द वापरायचा नाही, बैल हाही वापरायचा नाही, आता सांगा. मग उत्तरं यायला लागली. 'तयारी', 'तोरण', 'तान्हा पोळा'. आणि एका मुलीनं सातव्या पट्टीच्या मागे लिहिलं 'मोत्या'.

तयारीच्या गटात ४, ८, ९ आणि १५ गेली. तोरणाच्या गटात सहाव्याचा पहिला तुकडा, ११ आणि १३. तान्ह्या पोळ्याच्या गटात सहाव्याचा दुसरा तुकडा आणि १६. मोत्याच्या गटात २, ७, १२, १४, १७. बाहेर उरली १, ३, ५, १० आणि १८.

मोत्याच्या गटातल्या पाच पट्ट्या खाली एकाखाली एक मांडल्या तेव्हा मी गप्प झाले. आमच्या घरी दोन बैल होते. मोत्याला सरकी फार आवडायची. तो मला कधी मारत नव्हता. बाबांनी मोत्याला विकला. आता ट्रॅक्टर आला.

'होते' बरोबर होतं. मी ते खोडलं होतं. 'तो' म्हणजे मोत्या होता, मारत नव्हता म्हणजे शिंग मारत नव्हता. आणि ज्या दोन वाक्यांना मी विषय सोडून म्हटलं, ती याच परिच्छेदाची शेवटची वाक्यं होती. पोरगा विषय सोडत नव्हता. त्याच्या डोक्यात दोन निबंध एकाच वेळी चालले होते, एक शाळेसाठीचा पोळा आणि एक मोत्या. लिहिताना मोत्या मध्ये मध्ये येत होता एवढंच.

म्हणून म्हणते, आधी जागा. मी आधी काळ दुरुस्त केला आणि बरोबर वाक्य चुकीचं केलं. एकट्या वाक्याकडे पाहून त्याचा काळ, सर्वनाम, क्रियापद तपासता येत नाही. शेजारची वाक्यं कोणती हे ठरलं की मग 'होते' चूक की बरोबर ते कळतं.

आता गटाच्या आतल्या क्रमाचं बघू. तयारीच्या गटात काम सोपं होतं, कारण तिथे वेळेचा क्रम आहे. आदल्या दिवशी खांदशेकणी, मग धुणं, मग रंग, मग झूल. 'मग त्याच्या शिंगाला' या वाक्यातले 'मग' आणि 'त्याच्या' हे दोन्ही शब्द मागच्या वाक्याला धरून असतात. पट्टी हलवली की असे शब्द सुटे पडतात. मुलांना मी खेळ म्हणून असे शब्द गोल करायला सांगते. तो, त्याला, तिथे, मग, म्हणून, असा. गोल केलेला प्रत्येक शब्द बोटानं मागच्या वाक्यातल्या कुणाकडे तरी दाखवता आला पाहिजे. दाखवता आला नाही तर पट्टी चुकीच्या जागी आहे, नाहीतर तिथे नाव लिहायला हवं.

याच खेळात अठरावं वाक्य सापडलं. 'असा आमच्या गावचा पोळा असतो' हे शेवटचं वाक्य म्हणून सगळ्यांनी डोळे झाकून शेवटी ठेवलं होतं. पण 'असा' बोट कशाकडे दाखवतो? त्याच्या वर जर 'आता ट्रॅक्टर आला' असेल तर पोळा ट्रॅक्टरसारखा असतो असं होतं. वर्गात हशा पिकला. ती पट्टी तान्ह्या पोळ्याच्या खाली गेली आणि तिथे नीट बसली.

दहावं वाक्य, बोजाऱ्याचं, कुठे ठेवायचं यावर पोरांत भांडण झालं. पोळा फुटल्यावर बैल घरोघरी नेणाऱ्यालाही बोजारा मिळतो आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल फिरवणाऱ्या पोरांनाही मिळतो. दोन्हीकडे ते शोभतं. हे ना मला ठरवता येणार, ना वर्गाला. लिहिणाऱ्याला विचारलं. "लाकडाच्या बैलाचा जी," तो म्हणाला. संपलं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावात 'वाक्यांचा योग्य क्रम लावा' असा प्रश्न असतो, त्यात एकच उत्तर बरोबर असतं आणि ते छापलेलं असतं. त्या सरावानं मुलं हुशार होतात, नाही म्हणत नाही. पण स्वतःच्या निबंधात क्रम लावताना उत्तर पुस्तकात नसतं, लिहिणाऱ्याला घडलेलं माहीत असतं. म्हणून मुलाला बाजूला बसवून आपणच पट्ट्या लावू नका.

माझीच फजिती सांगते. मोत्याच्या गटात मी मनातल्या मनात क्रम लावून टाकला होता. आधी 'आता ट्रॅक्टर आला', मग 'बाबांनी मोत्याला विकला'. किती छान, कारण आणि परिणाम! मध्ये एक 'म्हणून' टाकला की झालं. मी त्याला विचारलं, "ट्रॅक्टर आला म्हणून मोत्याला विकलं का रे?" तो म्हणाला, "नाही मॅडम. आंधी इकला. मंग ट्रॅक्टर भाड्यानं आनला."

दोन वाक्यं शेजारी ठेवली की वाचणारा त्यांच्यात कारण शोधतो, 'म्हणून' लिहिला नसला तरीही. वाक्यं हलवताना हाच सगळ्यात मोठा धोका आहे. निबंध सुरेख लागतो आणि घडलेलं बदलून जातं. मोठ्यांच्या हातून हे जास्त होतं, कारण शेतीचं यांत्रिकीकरण वगैरे आपल्या डोक्यात तयार असतं. त्यामुळे प्रत्येक नव्या शेजारानंतर मुलाला विचारायचं, 'असंच झालं का?'

गट लागल्यावर आणखी एक गोष्ट होते, भोक दिसतं. दोन बैल होते, मोत्या विकला, मग लाल्या कुठे? मूळ निबंधात हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही, कारण वाक्य २ आणि वाक्य १४ यांच्यामध्ये अकरा वाक्यं होती. शेजारी आल्यावर एका मुलानं लगेच विचारलं. उत्तर आलं, "तो तं लंपीनं मेला." २०२२ साली आपल्या भागात लंपीची साथ आली होती, ती तुम्हाला आठवत असेल. मी विचारलं, मग मोत्या का विकला? तो माझ्याकडे असा पाहत राहिला जणू मी शहरातून आलेय. "एका बैलानं वखर थोडीच होते, मॅडम."

उरलेल्या पाचव्या पट्टीचं मग आपोआप झालं. 'बैल आपल्याला शेतीत मदत करतो' हे गाईडमधलं वाक्य, ते कुठेही बसतं आणि कुठेच बसत नाही. त्यानं ती पट्टी उचलली, उलटी केली आणि मागे लिहिलं, 'एका बैलानं वखर होत नाही.' मी काही सुचवलं नव्हतं. पुरणपोळीचं तिसरं वाक्यही एकटं पडलं होतं. पोळा फुटल्यावर बैल घरी आले की त्यांची पूजा करून पुरणपोळी चारतात, तिथे ते हवं, असं पोरींचं म्हणणं पडलं. त्यानं ते तसं बदलून घेतलं.

शेवटी जे तयार झालं ते असं:

पोळा हा आमच्या गावचा मोठा सण आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. पोळ्याच्या दिवशी बैलाला नदीवर नेऊन धुतात. मग त्याच्या शिंगाला रंग लावतात. अंगावर झूल टाकतात.

तोरणाखाली सगळे बैल उभे राहतात. मोठी माणसं झडत्या म्हणतात. झडती झाली की पोळा फुटतो. बैल घरी आले की आई त्यांना पुरणपोळी चारते.

दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडाचा बैल घेऊन घरोघरी जातात. माझ्या लाकडी बैलाला चाकं आहेत. मला मागच्या वर्षी बोजारा म्हणून वीस रुपये मिळाले. असा आमच्या गावचा पोळा असतो.

आमच्या घरी दोन बैल होते, एक लाल्या अन् एक मोत्या. लाल्या लंपीनं मेला. एका बैलानं वखर होत नाही. मोत्याला सरकी फार आवडायची. तो मला कधी मारत नव्हता. बाबांनी मोत्याला विकला. आता ट्रॅक्टर आला.

तिसऱ्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य बघा. मूळ वाक्यात 'लहान पोरं दुसऱ्या दिवशी' असं होतं, आता 'दुसऱ्या दिवशी' पुढे आलंय. मराठीत शब्द पुढेमागे करायची मुभा आहे, तिचा हा उपयोग. परिच्छेद बदलला, दिवस बदलला, तर तो शब्द सगळ्यात आधी ठेवला की वाचणाऱ्याला वळण कळतं. पहिल्या परिच्छेदात 'पोळ्याच्या दिवशी' हे शब्द तर नव्यानंच घातले, नाहीतर धुणंही आदल्याच दिवशी झालं असं वाटलं असतं. व्याकरणाचं नाव न घेता मुलांना हे करता येतं.

चौथ्या परिच्छेदात मला 'वखर होत नाही' हे वाक्य विकण्याच्या अगदी आधी हवं होतं. त्याला ते लाल्याच्या जवळ हवं होतं. मी दोनदा सुचवलं, त्यानं दोनदा नकार दिला. तसंच ठेवलं. दोन्ही ठिकाणी परिच्छेद एकाच गोष्टीबद्दल राहतो, मग हट्ट कशाला?

परिच्छेदात एकच विषय आहे की नाही हे तपासायला माझी एक घरगुती कसोटी आहे. परिच्छेदाला दोन-तीन शब्दांचं नाव द्या. नावात 'आणि' घालावा लागला तर तो परिच्छेद फोडायचा. 'बैलाची तयारी' चालतं. 'बैलाची तयारी आणि पुरणपोळी' नाही चालत. दुसरी बाजूही असते. दोन परिच्छेदांना एकच नाव पडत असेल तर ते जोडायचे. लांबी मात्र मोजू नका. तीन ओळींचा एक आणि सात ओळींचा एक असला तर काही बिघडत नाही.

काही शिक्षक मित्र म्हणतात, पाचवीच्या पोराला परिच्छेद कशाला, दहा ओळी लिहिल्या तरी पुष्कळ. मला हे अर्धं पटतं. मूल बोलतं तसं लिहितं आणि बोलण्यात परिच्छेद नसतो. बोलताना थांबून, हात हलवून, 'अन् ते सांगायचं राहिलंच' म्हणून आपण विषय बदलतो, कागदावर तो हात दिसत नाही. जुन्या मोडी कागदांत तर शब्दही तोडून लिहीत नसत, आणि आपली विरामचिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींच्या खटपटीनं रुळली. परिच्छेद ही शिकायची गोष्ट आहे, जन्मजात नाही. घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलांसाठी तर प्रमाण मराठीतलं एकेक वाक्य आधीच कष्टाचं असतं. पण म्हणूनच पट्ट्या बऱ्या. नवीन काही लिहायचं नाही, लिहिलेलंच हलवायचं.

तिसरी-चौथीत मी चार गट करत नाही, दोनच टोपल्या ठेवते. निबंध 'माझी शाळा' असेल तर एक टोपली 'इमारत', दुसरी 'माणसं'. त्यात न बसणारी पट्टी हातात धरून ठेवायची, फेकायची नाही.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. 'मी पाहिलेला अपघात' किंवा 'सहलीचा अनुभव' यात विषयवार गट केले तर गोष्टीचा जीव जातो. तिथे जसं घडलं तसाच क्रम ठेवायचा आणि जागा किंवा वेळ बदलली की परिच्छेद बदलायचा. काही मुलांच्या लिखाणात पूर्णविरामच नसतो, पानभर 'आणि मग, आणि मग' चालतं. तिथे पट्ट्या करताच येत नाहीत. आधी मुलाला मोठ्यानं वाचायला लावा, श्वास जिथे पडतो तिथे रेघ मारा, मग कात्री.

वेळेचं म्हणाल तर या एका निबंधाला दोन तासिका लागल्या. प्रत्येक वहीसाठी हे शक्य नाही. मी पंधरा दिवसांतून एक निबंध असा घेते, बाकीच्या वह्यांत फक्त वाक्यांच्या बाजूला अ, आ, इ अशी गटाची अक्षरं मुलांकडूनच लिहून घेते आणि दुसऱ्यांदा लिहायला देते. परीक्षेत कात्री नसते, तिथे लिहायला बसण्याआधी कोपऱ्यात तीन-चार शब्द, 'तयारी, तोरण, तान्हा पोळा, मोत्या', एवढंच.

पालकांनी घरी करायचं असेल तर एकच पथ्य पाळा. वाक्य सांगू नका, विचारा. 'हे कशाबद्दल आहे?' आणि 'असंच झालं का?' हे दोन प्रश्न पुरतात. भाषा लगेच प्रमाण करायलाही बसू नका, 'अन्' आणि 'पोरं' राहिली तर राहू द्या, ते शेवटच्या फेरीत बघता येतं.

त्या वहीत मी मारलेली रेघ आणि 'आहेत' अजून तसंच आहे, लाल शाई खोडता येत नाही. पुढच्या पानावर त्यानं दुसरी प्रत लिहिली, तिथे 'होते' आहे. त्याच्याखाली मी फक्त एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केला. मोत्या कुणाला विकला हे मी विचारलं नाही, तोही बोलला नाही.